आठ महिन्यांची नोकरी रेझ्युमेवर कशी लिहायची?

प्रश्न: कंपनीने आठ महिन्यांत काढलं, पण कागदोपत्री माझ्याकडून राजीनामा घेतला. आता रेझ्युमेवर काय लिहू? खोटं लिहायचं नाहीये.

नोकरी लिहा, महिना-वर्षासकट लिहा. खाली कामाच्या दोन ओळी आणि, माझ्यासारखी टीमच बंद झाली असेल, तर एकच ओळ, की टीम बंद झाल्यामुळे पद रद्द झालं. रेझ्युमेवर याहून जास्त खुलासा लागत नाही. खरी गोची पुढे, ऑफर आल्यावर भरायच्या व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये आहे, आणि तिथे मी स्वतः अडकले होते.

अंधेरीच्या एका कंपनीत मी जुलै 2022 मध्ये लागले. मार्च 2023 मध्ये एका दुपारी आमच्या अख्ख्या व्हेंडर ऑनबोर्डिंग टीमला मीटिंगला बोलावलं आणि टीम बंद होतेय म्हणून सांगितलं. एचआरचं म्हणणं, पोर्टलवर राजीनामा टाका, कारण ‘वैयक्तिक’ निवडा, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नोटीस पिरियडचा पगार त्यांच्या हातात होता, तेव्हा राजीनामा टाकला. पण त्याच संध्याकाळी एचआरला मेल केला: ‘आजच्या मीटिंगमध्ये टीम बंद होत असल्याचं सांगून राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, त्यानुसार देत आहे.’ स्वतःच्या खासगी आयडीवर कॉपी ठेवली, कारण ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. एचआरचं ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर आलं. तेवढं पुरे.

त्या रविवारी डोंबिवलीला मामा आले. बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्या घराला सल्ला देणारे. म्हणाले, “ही कंपनी लिहूच नकोस. भांडुपच्या जुन्या नोकरीची तारीखच मार्चपर्यंत ओढ. कोण बघतंय?” मी नाही म्हटलं, त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मामा, बघतात. पीएफच्या पोर्टलवर यूएएन टाकून सर्व्हिस हिस्टरी उघडली की प्रत्येक कंपनीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख ओळीने दिसते. नवी कंपनी तिचाच स्क्रीनशॉट मागते. भांडुपची नोकरी तिथे जूनमध्ये संपलेली असताना मी मार्च लिहिलं असतं, तर ऑफर तिथेच गेली असती, आणि तीही आठ महिन्यांपायी नाही, खोट्यापायी. पीएफ कापला नसेल तरी टीडीएस कापला गेला असेल, तर फॉर्म 26AS मध्ये कंपनीचं नाव येतंच.

लोअर परळच्या मुलाखतीत रेझ्युमेवरची ‘टीम बंद’वाली ओळ पाहून एवढंच विचारलं, “टीम म्हणजे पूर्ण टीम?” मी हो म्हटलं आणि बोलणं कामाकडे वळलं. पुढे फॉर्ममध्ये ‘नोकरी सोडण्याचं कारण’ आलं. जुनी एचआर फोनवर सांगणार ‘राजीनामा’. मी नुसतं ‘लेऑफ’ लिहिलं असतं तर रिपोर्टमध्ये तफावत दिसली असती. नुसतं ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं असतं तर माझ्याच रेझ्युमेशी ते जुळलं नसतं. म्हणून लिहिलं: ‘टीम बंद झाल्याने कंपनीच्या सूचनेवरून राजीनामा दिला.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आणि कागदांशी जुळणाऱ्या. सोबत तो मेल जोडला. व्हेरिफिकेशन पार पडलं. तुमच्याकडे असा मेल नसेल तर एचआरला आजही साध्या भाषेत लिहून ठेवा, आणि मीटिंगचं निमंत्रण असेल तर तेही जपा.

तारखा नुसत्या वर्षांत लिहू नका. ‘2022–2023’ पाहिलं की लोक महिने विचारतातच, आणि तेव्हा लपवल्यासारखं दिसतं. पक्की नोकरी होती तर ‘कॉन्ट्रॅक्ट’ही म्हणू नका, ऑफर लेटरवर वेगळंच असतं.

पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीखच नसेल, तर आधी जुन्या कंपनीला भरायला सांगा. त्यांनी टाळलं तर शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ‘Mark Exit’ मधून स्वतः भरता येते. ती मोकळी राहिली तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखं दिसतं आणि व्हेरिफिकेशन अडतं.

ही छोटी नोकरी रेझ्युमेवरून गाळणं, मामा, मला मान्य आहे. रेझ्युमे म्हणजे सगळ्या नोकऱ्यांची जंत्री नव्हे, फक्त मधली मोकळी जागा तशीच दिसू द्यायची. पण फॉर्म ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या’ विचारतो तेव्हा ती तिथे आलीच पाहिजे. आणि प्रश्नकर्ते, तुम्हाला एकट्याला कामावरून नाराजी म्हणून काढलं असेल, तर माझी ‘टीम बंद’वाली ओळ वापरू नका. तेव्हा रेझ्युमेवर कारण लिहूच नका, आणि विचारलं तर सरळ सांगा.