बिल थकलंय, शेअरही आहेत, कंपनी लिक्विडेशनमध्ये: माझा नंबर कितवा?

"वकीलसाहेब, ज्या कंपनीला मी पाच वर्षं पार्ट पुरवत होतो ती लिक्विडेशनमध्ये गेलीये, ऑर्डर निघून दहा दिवस झाले. माझी १८ लाख ४० हजारांची बिलं अडकलीत. एका ऑर्डरपोटी त्यांनी २ लाख ४० हजार ॲडव्हान्स दिला होता, तो माल मी पाठवलाच नाही, आता लिक्विडेटर ते पैसे परत मागतोय. माझे दोन डाय त्यांच्या शेडमध्ये पडून आहेत. वर त्यांचेच ८ हजार शेअर माझ्याकडे आहेत. जुने डायरेक्टर म्हणतात, मागच्या तारखेचं पत्र करू, बिलाची रक्कम कर्ज म्हणून दाखवू, म्हणजे तुमचा नंबर वर लागेल. काय करू?"

पहिलं म्हणजे त्या पत्रावर सही करू नका. का ते खाली सांगतो, पण आधी रांग समजून घ्या, म्हणजे डायरेक्टरसाहेबांना हे कुठून सुचलं तेही कळेल.

इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड, २०१६ याच्या कलम ५३ मध्ये ही रांग लिहून ठेवलेली आहे. कंपनीची मालमत्ता विकून जे पैसे येतात त्यातून सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च निघतो, म्हणजे रिझोल्यूशनचा, जिथे कंपनी वाचवायचा प्रयत्न होतो, आणि लिक्विडेशनचा, जिथे ती विकून बंद करतात, त्यात लिक्विडेटरची फी, सिक्युरिटी, वीज, व्हॅल्युअर असं सगळं आलं, आणि हा खर्च पूर्ण द्यावा लागतो. त्यानंतर एकाच पायरीवर दोघं बसतात: कामगारांचे लिक्विडेशनच्या आधीच्या २४ महिन्यांचे थकलेले पैसे, आणि ज्या बँकेनं आपलं तारण लिक्विडेटरच्या हवाली केलं तिचं कर्ज. मग कामगार नसलेल्या स्टाफचा १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारची दोन वर्षांची देणी. मग "उरलेली इतर देणी", आणि तुमची बिलं इथे येतात, कारण माल पुरवणाऱ्याचं नाव घेऊन कायद्यानं वेगळी पायरी केलेलीच नाही. त्याच्याही खाली प्रेफरन्स शेअरवाले आणि अगदी शेवटी साधे इक्विटी शेअरवाले.

एका पायरीवरचे सगळे पूर्ण फिटल्याशिवाय पैसा खालच्या पायरीवर उतरत नाही. आणि एखाद्या पायरीवर पैसे कमी पडले तर तिथले सगळे आपापल्या रकमेच्या प्रमाणात वाटून घेतात, आधी अर्ज केला म्हणून कुणाला जास्त मिळत नाही.

आता आकडे टाकून बघू. तुमच्या कंपनीचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत म्हणून हे समजा म्हणून धरा. सगळं विकून ३६ कोटी आले. खर्च ३ कोटी, उरले ३३. कामगारांचे ६ कोटी आणि बँकेचे ६० कोटी, म्हणजे या पायरीवर मागणी ६६ ची आणि हातात ३३, तर रुपयाला ५० पैसे: कामगारांना ३ कोटी, बँकेला ३० कोटी, आणि गल्ला संपला. खाली स्टाफचे २ कोटी, विनातारण कर्जाचे ८, सरकारचे ५ आणि तुमच्यासारख्यांचे मिळून १२ कोटी तसेच उभे आहेत. तुमच्या पायरीला पहिला रुपया मिळायला ३ + ६६ + २ + ८ + ५, म्हणजे ८४ कोटी आधी वाटले गेले पाहिजेत, आणि आलेत ३६. तुमच्या शेअरला काही मिळायचं तर तुमची पायरीसुद्धा पूर्ण फिटून ९६ कोटींच्या वर जायला हवं, आणि त्यातही प्रेफरन्सवाले आधी. त्यामुळे शेअरचं सोडून द्या, तो विषय इथेच संपवतो.

बँक कधीकधी तारण हवाली न करता कलम ५२ खाली स्वतःच विकायचं ठरवते, त्याचा हक्क तिला आहे. पण तेव्हाही प्रक्रियेच्या खर्चातला आणि कामगारांच्या देण्यातला आपला वाटा तिला द्यावाच लागतो, आणि तारण विकून जे कमी पडेल ते घेऊन ती खाली सरकते, थेट सरकारी देण्यांच्या पायरीवर. तुमच्या दृष्टीनं फरक एवढाच की तारणाबाहेरची मालमत्ता भरपूर असेल तर मधल्या लोकांना थोडं जास्त मिळू शकतं. तुमच्यापर्यंत येईल असं समजून बसू नका, कारण बँकेचा उरलेला आकडा तरीही तुमच्या एक पायरी वरच आहे.

तर मग डायरेक्टरांचा डाव काय आहे ते आता लक्षात आलं असेल. विनातारण कर्ज देणारा सरकारच्याही वर आणि तुमच्या दोन पायऱ्या वर आहे, म्हणून बिलाला कर्ज म्हणा असं चाललंय. पण या कायद्यात कर्ज म्हणजे वेळेच्या मोबदल्यात दिलेला पैसा, तो तुमच्या खात्यातून निघून त्यांच्या खात्यात गेलेला दिसायला हवा. तुमच्या खात्यातून काय गेलं? काहीच नाही, गेला तो माल. लिक्विडेटर बसून बँक स्टेटमेंट बघणार, तुमच्या जीएसटी रिटर्नमध्ये तीच १८ लाख ४० हजारांची बिलं विक्री म्हणून दिसणार, त्यांच्या लेजरमध्ये तुम्ही सप्लायर म्हणून बसलेले असणार, आणि मग एकदम मागच्या तारखेचं एक पत्र. हे पकडायला फार हुशारी लागत नाही. पत्र खरंच जुन्या काळात केलेलं असतं तरी एका सप्लायरला इतरांपेक्षा बरी जागा देणारा व्यवहार म्हणून लिक्विडेटर तो एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे रद्द करायला नेऊ शकतो. आणि इथे तर पत्र सरळ खोटं आहे, म्हणजे बनावट कागद केल्याचा फौजदारी गुन्हा, आणि त्यावर सही तुमची. नंबर वर लागणं लांबच, तुमचा खरा क्लेमसुद्धा संशयात येईल.

तुमचे पैसे खरे कुठे आहेत ते आता बघू. दोन गोष्टी या रांगेत उभ्याच राहत नाहीत आणि तुमच्या प्रश्नात दोन्ही आहेत.

एक, ॲडव्हान्स. २ लाख ४० हजार परत पाठवायची घाई करू नका. लिक्विडेशनच्या नियमांमध्ये, २९ व्या रेग्युलेशनमध्ये, परस्पर देण्याघेण्याची वजावट आहे, म्हणजे दोघांचा हिशोब लावून शिल्लक राहते तेवढाच क्लेम. तुमचे १८ लाख ४० हजार, त्यांचे २ लाख ४० हजार, तर तुमचा क्लेम १६ लाखांचा. ॲडव्हान्स परत करून १८ लाख ४० हजारांचा क्लेम लावलात तर २ लाख ४० हजार रोख गेले आणि वाट्याला तीच शेवटून तिसरी पायरी. वजावट मागितलीत तर तेवढ्या रकमेपुरते तुम्ही रुपयाला रुपया वसूल झालात, जे बँकेलाही वरच्या हिशोबात मिळालं नाही. हे चालतं कारण आता लिक्विडेशन सुरू झालंय, आधीच्या रिझोल्यूशनच्या टप्प्यात अशी वजावट सरसकट मिळत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये भारती एअरटेलच्या केसमध्ये सांगितलंय, तेव्हा कुणी तो निकाल तुमच्या तोंडावर फेकला तर कुठल्या टप्प्याबद्दल आहे ते विचारा. एक काळजी घ्या, दोन्ही बाजूला पार्टी तीच हवी. ॲडव्हान्स त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून आला असेल तर ही वजावट बसणार नाही, म्हणून बँक एंट्रीवरचं नाव आजच बघून ठेवा.

दोन, तुमचे डाय. कंपनीच्या ताब्यात असलेली पण दुसऱ्याच्या मालकीची वस्तू, सांभाळायला किंवा वापरायला दिलेली, कंपनीच्या मालमत्तेत धरलीच जात नाही, कलम ३६(४) मध्ये तसं आहे. त्यामुळे डाय मागताना तुम्ही रांगेत उभे नसता, तुम्ही तुमची वस्तू परत मागत असता. पण पुरावा तुम्ही द्यायचा. शेडमध्ये पन्नास डाय रॅकवर पडलेले असतील आणि त्यावर ग्रीस आणि धूळ चढलेली असेल, लिक्विडेटरच्या माणसाला कुठला कुणाचा काय कळणार. डाय पाठवताना रिटर्नेबल चलन केलं होतं का? त्यावर त्यांच्या गेटचा शिक्का आहे का? टूलरूमचं बिल तुमच्या नावावर आहे का, डायवर नंबर कोरलेला आहे का, आणि तुमच्या बॅलन्सशीटमध्ये ते दोन डाय दिसतात का? यातलं जे असेल ते आणि डायचे फोटो जोडून आजच ईमेल टाका, आणि लिक्विडेटरसोबत शेडमध्ये जाऊन ओळख पटवायची वेळ मागा. इथे उशीर महाग पडतो, कारण एकदा शेडमधलं सगळं एकगठ्ठा लिलावात गेलं की मग भांडण डायचं राहत नाही, पैशाचं होतं. आणि हो, डायचा खर्च तुम्ही त्यांना बिल लावून वसूल केला असेल तर मालकी त्यांची झाली, मग हा मुद्दा सोडा.

१६ लाखांचा क्लेम मात्र लावाच, काही मिळणार नाही असं वाटलं तरी. माल पुरवणाऱ्यांसाठी फॉर्म सी असतो, लिक्विडेटरच्या जाहीर नोटीशीत जी शेवटची तारीख असेल त्याच्या आत द्या, सोबत बिलं, डिलिव्हरी चलनं, लेजर आणि वजावटीचा हिशोब एका पानावर. क्लेम नाकारला किंवा रक्कम कापली तर कळवल्यापासून १४ दिवसांत कलम ४२ खाली एनसीएलटीकडे अपील करता येतं, आणि हे १४ दिवस लोक नेहमी विसरतात, महिनाभरानं माझ्याकडे येतात. क्लेम नोंदलेला असला की पुढे लिक्विडेटरनं डायरेक्टरांनी बाहेर काढलेला पैसा वसूल केला तर तोही याच रांगेनं वाटला जातो. दिवाणी दावा टाकायच्या भानगडीत पडू नका, लिक्विडेशन सुरू असताना कंपनीवर नवा दावा लावताच येत नाही, नुसती कोर्ट फी जाईल.

डायरेक्टरांचा त्या पत्राबद्दलचा मेसेज व्हॉट्सॲपवर आला असेल तर डिलीट करू नका. त्यांना फक्त एवढंच लिहा की मी क्लेम बिलांवर लावतोय.