मित्राला हातउसने दिलेले पैसे मेसेज करून परत कसे मागायचे?

जवळच्या मित्राला 20 हजार हातउसने दिलेत, चार महिने झाले. दोनदा आडून आडून विचारलं तर "हो हो, देतो ना" म्हणाला आणि विषय संपला. वाईट वाटू नये पण नीट कळावं असा मेसेज कसा लिहू?

आधी ते आडून विचारणं बंद करा. "सध्या जरा ओढाताण चाललीये रे" असं म्हटलं की मित्र म्हणतो "हो ना, माझंही तेच चाललंय", आणि झालं, तुम्ही पैसे मागितलेत हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. आणि "हो देतो" हे उत्तर तो तुम्हाला गंडवायला देत असेल असं मला वाटत नाही, तारीख कोणी विचारलीच नाही तर माणूस असंच बोलणार, त्याच्या मनात "देऊया की कधीतरी" असतं आणि ते कधीतरी पुढे पुढे जात राहतं. म्हणून पहिल्या मेसेजमधून तुम्हाला फक्त एक तारीख मिळवायचीये. पैसे त्याच्या मागोमाग येतात.

मी असा मेसेज लिहीन:

"अरे, मार्चमध्ये तुला 20 हजार दिले होते ना, ते मला या महिन्याच्या 30 तारखेपर्यंत परत हवे आहेत. जमेल का? सगळे एकदम जमत नसतील तर आत्ता किती आणि बाकीचे कधी, तेवढं सांग."

यात रक्कम आणि कधी दिले ते दोन्ही आहे. हे लिहायला ऑकवर्ड वाटतं खरं, पण चार महिन्यांनी रक्कम नक्की किती होती यावर दोघांच्या आठवणी वेगळ्या असू शकतात आणि तो गोंधळ असेल तर पहिल्याच मेसेजला बाहेर आलेला बरा. "ते पैसे" असं मोघम लिहिलं तर तो फरक पैसे परत येताना कळतो, तेव्हा जास्त कडवटपणा येतो. दुसरं म्हणजे तारीख तुम्हीच सुचवलीये, त्याच्यावर सोडलेली नाही. त्याला नसेल जमत तर तो दुसरी सांगेल, पण बोलणं तारखेवरच चालू राहतं. साधारण आठ-दहा दिवस पुढची आणि त्याच्या पगारानंतरची तारीख घ्या, उद्या-परवाची दिलीत तर तो गडबडेल आणि उत्तरच टाळेल.

आणि ते शेवटचं वाक्य, हप्त्यांचं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बरेचदा मित्र उत्तर देत नाही कारण पूर्ण रक्कम हातात नसते आणि "नाहीयेत" म्हणायची लाज वाटते, मग तो मेसेज वाचून गप्प बसतो. तुम्हीच थोडे थोडे द्यायची वाट मोकळी करून दिलीत की त्याला खरं बोलता येतं. फक्त तिथे "किती आणि कधी" हे दोन्ही विचारा, नाहीतर "थोडे थोडे देतो" हे पण "हो देतो" सारखंच हवेत राहतं.

आता काय लिहू नका ते सांगते. "सॉरी यार, मागायला खूप वाईट वाटतंय" नको, कारण मग तोच तुम्हाला समजावायला लागतो आणि पैसे राहतात बाजूला. "घाई नाहीये, जमेल तेव्हा दे" हे तर अजिबात नको. आपण ते चांगुलपणाने लिहितो पण त्याने वर लिहिलेली तारीख स्वतःच पुसून टाकतो. तुम्हाला खरंच घाई नसेल तर तारीख लांबची द्या पण द्या. तुम्हाला पैसे कशासाठी हवेत याचं मोठं कारण पण लिहू नका, एका ओळीत खरं कारण असेल तर ठीक (फी भरायचीये वगैरे). खोटं कारण तर कधीच नाही, कॉमन मित्रांकडून कळतंच. हो, आणि हा मेसेज फक्त त्यालाच पाठवा, ग्रुपवर गमतीत टोमणा मारलात तरी चारचौघांत मागितल्यासारखं होतं आणि ते लोक विसरत नाहीत.

समजा तो म्हणाला "बघतो रे, या महिन्यात जरा अवघड आहे". इथे आपण "ओके" म्हणून सोडून देतो. त्याऐवजी लगेच, त्याच दिवशी: "ठीक आहे, समजतंय. मग पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर 5 तारखेला 10 आणि त्याच्या पुढच्या महिन्यात 5 तारखेला 10, असं चालेल का?" आता त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचंय. तो "चालेल" म्हणाला की "बरं, 5 ला 10 आणि पुढच्या 5 ला 10, धरून चालतो" असं एकदा लिहून टाका. ठरलेलं दोघांच्या चॅटमध्ये राहिलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण पुढच्या वेळी तुम्ही पैसे मागत नसता, ठरलेल्या गोष्टीची आठवण देत असता, आणि हा फरक तुमच्या टोनमध्ये आपोआप उतरतो.

मग तारखेच्या दोन दिवस आधी एवढंच: "5 तारखेचं लक्षात आहे ना? अकाउंट नंबर परत पाठवू का?" बास, रिमाइंडर तारखेच्या आधी गेला तर तो मदतीसारखा वाटतो, तारीख उलटल्यावर गेला तर तक्रारीसारखा. तरी 5 गेली आणि काहीच आलं नाही तर 6 किंवा 7 ला: "5 तारखेला 10 यायचे होते, आले नाहीत. काही अडचण आहे का? नवीन तारीख सांग." यात चिडचीड नाही पण चुकलं ते स्पष्ट लिहिलंय. पंधरा दिवस थांबून मग विचारलंत तर तारीख पाळली नाही तरी चालतं असा अर्थ निघतो. उलट रोज रोज पण पाठवू नका, उत्तर नसेल तर साधारण आठवडाभर जाऊ द्या.

दोन मेसेज वाचून उत्तर आलं नाही तर तिसरा लिहू नका, फोन करा. न बोलणाऱ्या माणसाला मेसेज टाळणं फार सोपं असतं. फोनवर पण तेच विचारायचं, किती आणि कधी, आणि फोन ठेवल्यावर जे ठरलं ते एका ओळीत मेसेज करायचं. दोनदा स्वतः दिलेली तारीख त्याने मोडली आणि आता फोनही उचलत नाही, तर मात्र मेसेजचे शब्द बदलून काही होत नाही हे मी स्पष्ट सांगेन, अशा वेळी भेटून बोला, आणि तोपर्यंत त्याला आणखी पैसे देऊ नका, अगदी छोटी रक्कम पण नाही.

एक राहिलंच. पहिले 10 आले की त्याच दिवशी "10 मिळाले, थँक्यू, आता 10 राहिले" असं कळवा आणि शेवटचे आल्यावर "सगळे मिळाले, हिशोब पूर्ण" असं लिहा. पैसे देऊनसुद्धा समोरून काहीच आलं नाही तर त्याला वाटत राहतं की अजून काही बाकी आहे का, आणि तो उगाच लांब राहतो.