अनुवंशाचा पहिला तास : मणी कसे वापरावेत

आधी पनेट चौकोन काढायचा आणि मग पिशवीतून मण्यांच्या जोड्या काढायच्या, हा पहिल्या तासासाठी आपण ठरवलेला क्रम योग्य आहे, फक्त एक पिशवी वाढवावी. एक मणी म्हणजे जनुकाची एक प्रत, जोडी म्हणजे एक व्यक्ती; लाल (R) प्रभावी, पांढरा (r) अप्रभावी. बहुतेक नवे शिक्षक लाल आणि पांढरे मणी समसमान घेतात. Rr × Rr हा पनेट चौकोन काढून झाला की मण्यांच्या जोड्याही साधारण ३:१ अशाच निघतात आणि प्रभावी लक्षण नेहमी तीन चतुर्थांश लोकांत आढळते, असा समज मुलांच्या मनात कायमचा बसतो. प्रत्यक्षात तो चौकोन केवळ एका जोडप्याच्या अपत्यांची शक्यता सांगतो, गावाची लोकसंख्या नव्हे.

म्हणून दुसऱ्या पिशवीत १० लाल आणि ९० पांढरे मणी ठेवावेत. लाल प्रभावीच राहू द्यावा. न पाहता एक मणी काढून, नोंदवून परत टाकावा, पिशवी हलवावी आणि मग जोडीतला दुसरा काढावा. पांढरा-पांढरा येण्याची शक्यता ०.९ × ०.९, म्हणजे ८१ टक्के. लाल दिसणाऱ्या जोड्या जेमतेम १९ टक्के. प्रभावी असूनही लाल अल्पसंख्य ठरतो, हे मुलांना स्वतःच्या तक्त्यात दिसते.

दोन चुका टाळाव्यात :
- चारच जोड्या काढून नेमके ३:१ मिळावे, अशी अपेक्षा धरू नये. साऱ्या गटांच्या नोंदी फळ्यावर एकत्र कराव्यात.
- उदाहरण मटारापुरतेच ठेवू नये. ओ रक्तगट अप्रभावी असूनही सर्रास आढळतो, तर हंटिंग्टनचा आजार प्रभावी असूनही दुर्मीळ आहे.

लोकसंख्येतल्या अशा जोड्यांचे प्रमाण मांडणारे हार्डी-वाइनबर्गचे समीकरण पहिल्या तासाला आणू नये.