उसन्या बुटांचं वजन

प्रिय बाळा,

आशीर्वाद. तुझी कथा दोनदा वाचली. शंभर मीटरची शर्यत, पायात मित्राचे दोन नंबर मोठे बूट, अर्ध्या वाटेत बुटातून रक्त ठिबकतं आणि तरी मुलगा पहिला येतो. माझी सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर झाली, म्हणून आधी पायांबद्दल लिहितो.

बुटाचा एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर मोठा असेल तर पुढे जवळजवळ अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी राहते. असा बूट पंधरा-सोळा सेकंदांत पाय रक्तबंबाळ करत नाही. तो दगा देतो तो सुरुवातीलाच. शिट्टी वाजली आणि चवड्याने जमीन मागे रेटली की टाच बुटातून वर उचलली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला बूट निघून मागे पडतो. घासण्याचा त्रास हळूहळू चढतो. आधी टाच गरम लागते, मग चुरचुरते, मग फोड येतो. रक्त आलंच तर ते बऱ्याचदा मोजा काढताना दिसतं.

म्हणून शर्यत सहाशे मीटरची कर. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक बहुधा दोनशे मीटरचा असतो, म्हणजे तीन फेऱ्या, दोन मिनिटांच्या आसपासचा वेळ आणि सहा वळणं. ही वळणं तुझ्या फार कामाची आहेत. आपण ट्रॅकवर डावीकडे वळत धावतो, त्यामुळे सैल बुटात पाय उजवीकडे सरकतो आणि उजव्या पायाची करंगळी बुटाच्या भिंतीवर दाबली जाते. सरळ पट्टीवर जरा सुटका, वळणावर पुन्हा तेच. पहिल्या वळणाला त्याला नुसतं काहीतरी हललेलं जाणवेल. चौथ्याला तो वळण यायच्या आधीच पाय आखडून घेईल, आणि तिथेच त्याच्या पुढचा मुलगा दोन पावलं आणखी लांब जाईल. दुखतंय असं तुला लिहावंच लागणार नाही.

तू बुटाच्या टोकात कागदाचे बोळे घातलेस, ते खरं आहे. पण बोळ्यांनी पाय पुढे सरकायचा थांबतो, टाच सैलच राहते. टाच बसवायला लेस वेगळी बांधतात. शेवटच्या दोन भोकांत प्रत्येक बाजूला लेसचा छोटा फासा ठेवायचा, समोरच्या बाजूची लेस त्यातून ओवायची आणि खाली ओढायची. हे त्याला कोण शिकवेल? ज्याचे बूट, तोच. मैदानाच्या कडेला तो मित्र गुडघ्यावर बसून याच्या पायातली लेस ओढतो आहे. मला तुझ्या कथेतलं हे सगळ्यात मोठं दृश्य वाटतं, आणि ते तू लिहिलेलंच नाहीस.

एक प्रश्न मात्र टाळू नकोस. हा मुलगा अनवाणी का धावत नाही? इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला 1960 साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते. तुझा मुलगा तर रोज शेताच्या बांधावरून अनवाणी पळतो. त्याला बुटांची गरज नाही, मग ते मागायला तो मित्राच्या दारात का गेला? सरांनी सांगितलं म्हणून, की रांगेत बाकीच्या सगळ्यांच्या पायात बूट असतात म्हणून? याचं उत्तर तुला ठाऊक हवं. कथेत ते एका वाक्यात आलं तरी पुरे.

मी असतो तर मित्राला त्याच दिवशी मोठ्या गटात धावायला लावलं असतं. त्याची शर्यत आधी. तो धापा टाकत येतो, बूट काढतो आणि याला देतो. बूट आतून गरम, ओलसर. सुकतळ्यावर दुसऱ्याच्या बोटांचे खळगे पडलेले, आणि याची बोटं त्या खळग्यांच्या अलीकडेच संपतात. उसनं घेणं म्हणजे काय, हे त्याला शिट्टी वाजायच्या आधीच पायाला कळेल.

आणि त्याला पहिला आणू नकोस. पहिला आला की टाळ्यांमध्ये बुटांचं देणं विसरलं जातं, वाचकही विसरतो. चौथा आण. मग बूट परत करायचा क्षण उघडा पडेल. तुझी कथा अंतिम रेषेवर थांबते, पण बूट अजून त्याच्याच पायात आहेत. मित्र घरी जायला थांबला आहे. याची टाच सोललेली, मोजा चिकटलेला, उजव्या बुटाची शिवण करंगळीपाशी थोडी उसवलेली. ती तो दाखवतो का? कागदाचे बोळे काढून खिशात घालतो, की आतच विसरतो?

तेवढं पान लिही आणि पाठव. मी वाट पाहतो.

तुझा,
सर