स्लाइडवरच्या स्क्रीनशॉटमधला नंबर खरंच झाकला जातो का?

प्रश्न: स्लाइडवर स्क्रीनशॉट आहे, त्यात लोकांचे फोन नंबर दिसतात. वर काळा चौकोन टाकून किंवा ब्लर करून पीपीटी पाठवली तर चालेल ना?

नाही चालणार. यात माझे हात पोळलेत.

घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे, मी खजिनदार. वार्षिक सभेसाठी बँक स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट स्लाइडवर घेतला, नावांवर काळे चौकोन ठेवले आणि फाइल ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन: "अहो, ती काळी पट्टी बोटाने सरकतेय!" त्यांनी मोबाईलवर फाइल एडिटमध्ये उघडली होती. आणि पट्टी न सरकवताही एक गोष्ट उघडीच होती. नाव झाकलं, पण शेजारच्या तपशिलात यूपीआय आयडी तसाच, आणि बऱ्याच जणांचा आयडी म्हणजे त्यांचा मोबाईल नंबरच.

चौकोन हा चित्रावर ठेवलेला वेगळा तुकडा असतो, चित्र खाली जसंच्या तसं. पॉवरपॉइंटमधला ब्लरही वरवरचा: Reset Picture दाबलं की मूळ चित्र परत. क्रॉप केलेला भागसुद्धा फाइलमध्येच राहतो. Compress Pictures मध्ये "Delete cropped areas of pictures" वर टिक करून फाइल सेव्ह केली तरच तो जातो. पीडीएफ केली की सुटलो असंही नाही. चौकोन आणि चित्र तिथेही वेगवेगळे राहू शकतात. लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून चौकोन उचलून पाहा.

म्हणून झाकायचं ते स्लाइडवर येण्याआधी. स्क्रीनशॉट पेंटमध्ये उघडा, आयताचं Fill "Solid color" ठेवून नंबरवर गडद आयत काढा आणि नव्या नावाने पीएनजी सेव्ह करा. आता आयत आणि चित्र एकच झालं, खालचे पिक्सेल गेले. मग स्लाइडवरचं जुनं चित्र डिलीट करून हे नवं घाला. आकड्यांना ब्लर किंवा चौकटी-चौकटींचा मोझेक मात्र नको. प्रत्येक जागी दहाच शक्यता, फॉण्टही ओळखीचा. एकेक आकडा तसाच धूसर करून कोणी जुळवत बसला तर नंबर निघू शकतो. आयत जरा लांबच काढा, नाहीतर नाव किती अक्षरी आहे ते पट्टीच सांगते.

पाठवण्याआधी मी आता एवढं करतो: फाइलची कॉपी काढून तिचं .pptx बदलून .zip करतो (विंडोज कुरकुर करतं, Yes म्हणायचं) आणि हे फोल्डर उघडतो:

```
ppt/media
```

डेकमधली सगळी चित्रं इथे सुटी पडलेली असतात, वरचे चौकोन सोडून. गेल्या वेळी इथेच एक उघडा स्क्रीनशॉट सापडला. लपवून ठेवलेल्या एका स्लाइडवर तो होता, आणि मी ती विसरूनच गेलो होतो.