गोळीच्या नावाचं शेपूट बघायचं

प्रश्न: मी जीएनएम तिसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात बीपीची गोळी देण्याआधी इन्चार्ज सिस्टर "बीपी-पल्स बघितलंस ना?" एवढंच विचारतात. सगळ्या गोळ्यांना तेवढंच पुरतं का? आणि पेशंटला नक्की काय सांगायचं?

नाही पुरत. मीही सुरुवातीची दोन वर्षं तेवढंच बघायचे. एका आजींमुळे सवय बदलली.

आजी सत्तरीच्या. मधुमेह, शिवाय अँजायनाचा जुना त्रास. घरून टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल ५० चालू. दोन दिवस जुलाब झाले म्हणून ॲडमिट केलेल्या. सकाळी झोपलेल्या स्थितीत बीपी ११६/७०, म्हणजे वरवर झकास. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट पल्स मोजली, ती ५२ भरली. मेटोप्रोलॉल हृदयाचा वेगच कमी करतं, म्हणून नावाच्या शेवटी 'ओलॉल' असेल तर पल्स आधी. बऱ्याच वॉर्डांत ६० च्या खाली पल्स किंवा १०० च्या खाली वरचं बीपी असेल तर डोस न देता डॉक्टरांना कळवतात. तुमच्या वॉर्डात लेखी आकडा वेगळा असेल तर तोच पाळा.

इथवर इन्चार्जबाईंचा प्रश्न पुरला. खरी गडबड टेल्मिसार्टनमध्ये होती, आणि ती झोपलेल्या पेशंटच्या बीपीत दिसत नव्हती. आजींना आधी बसवलं, मग धरून उभं केलं. एका मिनिटाने बीपी ९२/६०, आणि "बाई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय." उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो पेशंट पडू शकतो. जुलाबात शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड आतला दाब टिकवायला एका हार्मोनचा आधार घेतं. 'सार्टन' आणि 'प्रिल'वाल्या गोळ्या नेमका तोच आधार काढून घेतात. मग क्रिएटिनिन चढतं आणि पोटॅशियम बाहेर पडत नाही. रिपोर्ट बघितला तर क्रिएटिनिन १.९ (आधीचं १.०), पोटॅशियम ५.८.

दोन्ही गोळ्या हातात ठेवून मी डॉक्टरांना फोन केला. ईसीजी काढला, सलाईन लावलं, टेल्मिसार्टन थांबवलं. मेटोप्रोलॉल मात्र एकदम बंद न करता २५ वर आणलं, कारण अँजायनाच्या पेशंटमध्ये ते अचानक तोडलं तर छातीत दुखणं उसळून येतं. आपलं काम एवढंच की तो डोस अडवायचा, लगेच कळवायचं आणि वेळ, आकडे, कोणाला कळवलं ते चार्टवर लिहायचं. गोळी कायमची बंद करणं आपल्या हातात नाही. आणि हो, मेटोप्रोलॉलची सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती कुटून नळीतून देऊ नका, दिवसभराचा डोस एकदम जातो.

पोटॅशियम एवढं चढलं कसं, ते सूनबाईंशी बोलताना कळलं. बीपीसाठी म्हणून घरात 'लो सोडियम' मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. वर जुलाबांसाठी नारळपाणी सुरू होतं. म्हणून 'सार्टन-प्रिल'वाल्यांना मी मिठाचं पाकीट विचारतेच. उलट्या-जुलाब लागले तर गोळी रेटत न बसता डॉक्टरांना फोन करायचा, हेही सांगते. बाई तरुण असेल तर दिवस राहण्याचा विचार आहे का ते विचारायचं, कारण या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

'प्रिल'चा कोरडा खोकला काही महिन्यांनीसुद्धा सुरू होतो, आणि पेशंट मनानेच कफ सिरप पीत बसतो. त्यातल्या नाक मोकळं करणाऱ्या औषधाने बीपी आणखी वाढू शकतं. खोकला आला की गोळी बदलून मागा, असं सांगा. पण ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर थेट हॉस्पिटल गाठायचं. हे वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावरही होऊ शकतं.

ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते. ती पाणी साठल्याची नसते, केशवाहिन्यांतून पाझरल्याची असते, त्यामुळे लघवीची गोळी वाढवूनही फारशी उतरत नाही. आपण "सूज आहे" एवढंच सांगितलं तर नेमकी तीच गोळी वाढवली जाते. म्हणून "ॲम्लोडिपिन चालू आहे, सूज दोन्ही पायांना सारखी आहे, दम लागत नाही" असं पूर्ण सांगायचं. लघवीच्या गोळ्यांत (हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन) उलटा प्रकार असतो. सोडियम-पोटॅशियम उतरतं, आणि म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं तर आधी सोडियम बघायचं.

आजींना डिस्चार्जच्या वेळी आणखी एक सांगितलं. मेटोप्रोलॉलमुळे साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. सूनबाईंनी कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: "दरदरून घाम – आधी साखर तपासणे."