सरासरी वजन बरोबर आहे, तरी तलंगा लहान-मोठ्या का? आणि दिवे कधी लावावेत?

प्रश्न: निपाणीजवळ आमचे उघडे शेड आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आणलेल्या एक हजार पांढऱ्या लेअर पिल्लांना आता आठ आठवडे झाले. पन्नास पक्षी तोलले, सरासरी ५६० ग्रॅम आली, म्हणजे चार्टच्या आसपास. पण काही फार लहान दिसतात. काळजी करावी का? आणि लवकर अंडी येण्यासाठी दिवे कधीपासून लावू?

उत्तर:

काळजी करावी, आणि ती याच महिन्यात करावी. तलंगेचा हाडांचा सांगाडा बाराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पूर्ण होतो. त्यानंतर खाऊ घातल्यास वजन वाढते, पण ते बहुतांशी मांस आणि चरबीचे असते; आखूड राहिलेला पक्षी पुढे लांब होत नाही. म्हणून आज मागे असलेल्या पक्ष्याला सावरायला तुमच्या हातात चारच आठवडे आहेत.

सरासरीने हे कळत नाही. तुम्ही तोललेल्या पन्नास पक्ष्यांची वेगवेगळी वजने लिहून ठेवली असतील, तर ५६० च्या दहा टक्के खाली आणि दहा टक्के वर, म्हणजे ५०४ ते ६१६ ग्रॅममध्ये किती पक्षी बसतात ते मोजा. समजा ३१ बसले, तर एकसारखेपणा ६२ टक्के झाला. तो किमान ८० टक्के असावा. वजने लिहिली नसतील तर पुन्हा तोला, आणि या वेळी शंभर पक्षी घ्या. शेडच्या दोन-तीन कोपऱ्यांत जाळीची चौकट लावून जेवढे पक्षी आत येतील तेवढे सगळे तोलावेत. हाताने एकेक धरायला गेले की मंद आणि जवळचे पक्षीच हाती लागतात आणि आकडा फसवा येतो. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी तोलावे, म्हणजे एका आठवड्याची दुसऱ्याशी तुलना करता येते.

पक्षी लहान-मोठे होण्याचे कारण बहुतेक वेळा खाद्याच्या भांड्यापाशी सापडते. या वयात प्रत्येक पक्ष्याला साधारण साडेसात सेंटिमीटर जागा लागते. पाच फुटी लांब भांड्याच्या दोन्ही बाजूंनी पक्षी खात असतील, तर ते चाळीस पक्ष्यांना पुरते, म्हणजे हजार पक्ष्यांना अशी पंचवीस भांडी हवीत. खाद्य घातल्यावर पाच मिनिटे तिथेच उभे राहून पाहा. जे पक्षी मागे थांबतात आणि गर्दी ओसरल्यावर येतात, त्यांच्या वाट्याला फक्त भुकटी उरते, कारण दाणेदार भाग पहिल्या झुंडीने वेचलेला असतो. अशा पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी सकाळच्या खाद्यानंतर तासाभराने चाचपली तर ती अर्धी रिकामी लागते. जागा पुरेशी असूनही पक्षी मागे पडत असतील, तर चोच वाकडी किंवा जास्त कापली गेली आहे का ते पाहा, आणि विष्ठेत रक्त दिसत असल्यास पशुवैद्यकांकडून कॉक्सिडिओसिस आणि जंतांची तपासणी करून घ्या.

आता सर्व पक्षी एकदा हाताखालून घालून तीन गटांत वेगळे करा: ५०४ ग्रॅमच्या खालचे, मधले आणि ६१६ च्या वरचे. लहान गटाला जागा आणि भांडी थोडी सैल द्या, आणि त्यांचे पिल्लांचे खाद्य इतक्यात बंद करू नका. ग्रोअर खाद्यावर केव्हा न्यायचे हे वयाने ठरत नाही, वजनाने ठरते. वजन चार्टवर आले की मगच बदल करावा. मोठ्या गटाचे खाद्य मात्र कापू नये. त्यांना अडवून सरासरी जुळते, पण कळप सुधारत नाही. ही विभागणी दर आठवड्याला करू नका, कारण प्रत्येक वेळी गटातली चढउतार नव्याने ठरते आणि टोचाटोची वाढते. बाराव्या आठवड्याला एकदा फेरतपासणी केली तरी पुरे. लसीकरण आणि चोच कापणे ही कामेही विभागणीच्याच आठवड्यात ओढू नयेत, कारण तीन ताण एकत्र आल्यास वजन थांबते.

दिव्यांचा प्रश्न याच्याशी थेट जोडलेला आहे. दिवस लांबत गेला की तलंगेचे शरीर अंड्यांच्या तयारीला लागते, मग ते शरीर तयार असो वा नसो. तुमची बॅच नेमक्या अशा काळात वाढते आहे की दिवे न लावताही दिवस लांबत जाणार. आपल्याकडे मार्चच्या सुरुवातीला दिवस बारा तासांहून थोडा लहान असतो आणि मेच्या मध्यावर जवळपास तेरा तासांचा होतो. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अंधूक उजेड धरला तर साडेतेरा. म्हणजे आठव्यापासून अठराव्या आठवड्यापर्यंत उजेड रोज थोडा थोडा वाढत राहील, आणि ५०० ग्रॅमच्या आत अडकलेली तलंगसुद्धा इतरांबरोबर अंड्यावर येऊ पाहील. लहान कमरेची तलंग लवकर अंड्यावर आली की अंडी बारीक येतात, गुदद्वार बाहेर येण्याचे प्रकार होतात आणि रक्त दिसताच बाकीचे पक्षी तिला टोचून मारतात. जुलैमध्ये पिल्ले आणणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांच्या तलंगा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या आखडत्या दिवसांत वाढतात. तेव्हा दिवे न लावणेच बरोबर असते.

तुमच्यासाठी उपाय असा की मेच्या मध्यावर येणारा लांब दिवस आजच गाठावा आणि तिथेच थांबावे. या आठवड्यापासून पहाटे पावणेसहा ते संध्याकाळी सव्वासात असा साडेतेरा तासांचा उजेड ठेवा. आठव्या आठवड्यात ही वाढ पक्ष्याला फारशी जाणवत नाही. दहाव्या आठवड्यानंतर मात्र वाढ करू नये. एप्रिल-मेच्या उन्हात पक्षी दुपारी खाणे टाळतात, तेव्हा हा पहाटेचा गार उजेड वजन राखायलाही उपयोगी पडतो. शेडबाहेर अंगणातला किंवा रस्त्याचा दिवा रात्रभर आत उजेड पाडत असेल, तर त्या बाजूला पडदा बांधा, नाहीतर सगळा हिशेब व्यर्थ जातो. साध्या काट्याच्या टाइमरचे घड्याळ वीज गेली की थांबते आणि तेवढे मागे पडते, म्हणून लोडशेडिंगनंतर त्याची वेळ तपासणे हे रोजचे काम समजावे.

उजेड वाढवण्याचा दिवस तारखेने ठरवू नका. सतराव्या-अठराव्या आठवड्यात सरासरी १२०० ग्रॅमच्या पुढे आणि एकसारखेपणा ८० टक्क्यांच्या वर असेल, तर एक तास वाढवून साडेचौदा तास करा, आणि मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवत सोळा तासांवर थांबा. एकदा अंडी सुरू झाली की उजेड कधीही कमी होऊ देऊ नका. वजन आले नसेल तर आठवडाभर थांबा आणि पुन्हा तोला. लहान गटाला अंधारात आणि मोठ्यांना उजेडात ठेवण्याचा बेत एकाच शेडमध्ये जमत नाही, कारण जाळीच्या पलीकडचा उजेड अलीकडे येतोच. त्यामुळे संपूर्ण शेडचा निर्णय मागच्या गटाकडे पाहून घ्यावा लागतो. तुरे लाल होऊ लागले की जास्त कॅल्शियमचे प्री-लेअर खाद्य सुरू करा, आणि शंभरात पाच अंडी दिसू लागली की पूर्ण लेअर खाद्यावर या.